आज स्वस्त प्रोसेसर, उद्या अपग्रेड: सॉकेटचं उरलेलं आयुष्य मोजून खरेदी कशी करायची

पहिला पीसी जोडायला निघालेल्या माणसाला दुकानात एक सल्ला हमखास मिळतो: ‘आत्ता साधा प्रोसेसर घ्या, दोन-तीन वर्षांनी त्याच बोर्डवर मोठा टाका.’ काही लोकांचे या सल्ल्याने खरोखर पैसे वाचले आहेत. काहींना मात्र तीन वर्षांनी कळलं, की आपल्या बोर्डवर बसणारा मोठा प्रोसेसर बाजारात उरलेलाच नाही, किंवा असला तरी त्या किमतीत नवा बोर्ड आणि नवा प्रोसेसर दोन्ही येतात. कुणाचा हिशोब जमेल आणि कुणाचा फसेल, हे बरंचसं खरेदीच्या दिवशीच ठरतं. तो दिवस नीट कसा हाताळायचा, ते पायरीपायरीने पाहू.

पायरी १: सॉकेट आणि प्लॅटफॉर्म वेगळे करून पाहा

सॉकेट म्हणजे मदरबोर्डवरची ती चौकोनी जागा, जिथे प्रोसेसर बसतो. प्रोसेसर तिथे बसला म्हणजे चालेलच असं नाही. त्याला बोर्डवरच्या भागांची सांगड घालणारा चिपसेट, पीसी सुरू करणारं बोर्डचं सॉफ्टवेअर म्हणजे बायॉस, रॅमचा प्रकार आणि प्रोसेसरला वीज पुरवणारा भाग या सगळ्यांची साथ लागते. या सगळ्याला मिळून प्लॅटफॉर्म म्हणतात. अपग्रेड अडतं ते बहुतेक वेळा सॉकेटमुळे नाही, तर या बाकीच्या मंडळींमुळे.

याचं ठळक उदाहरण म्हणजे इंटेलचं एलजीए ११५१ सॉकेट. २०१५ साली सहाव्या पिढीबरोबर ते आलं आणि सातवी पिढीही त्याच बोर्डांवर चालली. २०१७च्या ऑक्टोबरात आठवी पिढी आली तेव्हा सॉकेटचं नाव तेच होतं आणि पिनांची संख्याही तीच. पण इंटेलने त्या प्रोसेसरना ३०० मालिकेचा चिपसेट सक्तीचा केला. झेड२७० बोर्ड घेऊन जेमतेम काही महिने झालेल्या लोकांना सहा कोअरचा नवा आय५ त्यावर लावता आला नाही. म्हणून दुकानात ‘सॉकेट सेम आहे’ असं कुणी म्हणालं, की पुढचा प्रश्न लगेच विचारायचा: या बोर्डच्या मॉडेलच्या यादीत तो प्रोसेसर आहे का?

ती यादी बोर्ड बनवणाऱ्या कंपनीच्या वेबसाइटवर, त्या मॉडेलच्या सपोर्ट पानावर असते. यादीत प्रत्येक प्रोसेसरसमोर तो बायॉसच्या कोणत्या आवृत्तीपासून चालतो हे लिहिलेलं असतं. एकाच नावाच्या बोर्डच्या दोन-तीन रिव्हिजन असतील, तर त्यांच्या याद्याही वेगळ्या असू शकतात. रिव्हिजनचा आकडा बहुधा बोर्डच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत छापलेला असतो. बोर्ड आधीच पीसीत बसलेला असेल, तर विंडोजच्या पॉवरशेलमध्ये या दोन ओळी टाका:

```
Get-CimInstance Win32_BaseBoard | Select Manufacturer, Product, Version
Get-CimInstance Win32_BIOS | Select SMBIOSBIOSVersion, ReleaseDate
```

पहिल्या ओळीने बोर्डचं नेमकं नाव कळतं, दुसरीने सध्याची बायॉस. हे दोन तपशील कागदावर लिहून घ्या, पुढे लागतील.

पायरी २: आयुष्य सॉकेटच्या जन्मापासून नाही, तुमच्या खरेदीपासून मोजा

एएमडीच्या एएम४ सॉकेटचं कौतुक तुम्ही ऐकलं असेल, आणि ते योग्यच आहे. २०१७च्या मार्चमध्ये पहिले रायझन त्यावर आले आणि २०२४च्या जानेवारीतही एएमडी त्याच सॉकेटसाठी ५७००एक्स३डी हा नवा प्रोसेसर बाजारात आणत होती. २०१७ साली बी३५० बोर्ड आणि रायझन ५ १६०० घेतलेल्या माणसाला बोर्ड किंवा रॅम न बदलता कित्येक पट दमदार प्रोसेसरपर्यंत जाता आलं.

पण हा प्रवास सरळ झालेला नाही, आणि नवख्यांना शिकण्यासारखं त्यातच जास्त आहे. २०२०च्या मे महिन्यात एएमडीने जाहीर केलं, की येणारी रायझनची ५००० मालिका बी४५० आणि एक्स४७० बोर्डांवर चालणार नाही. कारण असं दिलं, की अनेक बोर्डांवरची बायॉसची चिप १६ एमबीची आहे आणि इतक्या पिढ्यांचा कोड तिच्यात मावत नाही. ग्राहक चिडले, आणि काही दिवसांतच कंपनीने निर्णय फिरवला. ४०० मालिकेच्या बोर्डांना २०२१च्या सुरुवातीपासून नवी बायॉस मिळू लागली. बी३५० सारख्या एएमडीच्या ३०० मालिकेला तर त्यासाठी २०२२ उजाडलं. जागा करण्यासाठी काही बोर्डांच्या नव्या बायॉसमधून जुन्या प्रोसेसरांचा आधार काढून टाकावा लागला. म्हणजे ज्याला आपण आज ‘दीर्घायुषी प्लॅटफॉर्म’ म्हणतो, त्याचे ग्राहकही मध्ये एक-दोन वर्षं टांगणीला होते.

यातून दोन गोष्टी घ्यायच्या. कंपनीचं आश्वासन म्हणजे तुमच्या बोर्डचं आश्वासन नव्हे, कारण बायॉस शेवटी बोर्ड बनवणारी कंपनी काढते. आणि एएम४ इतकी वर्षं टिकलं याचा फायदा सुरुवातीला चढलेल्यांना झाला. आज कुणी नवं एएम४ बोर्ड घेतलं, तर त्याच्या वाट्याला त्या आयुष्याचं शेपूट येतं.

एएम५ची स्थिती अशी आहे. ते २०२२च्या सप्टेंबरमध्ये रायझनच्या ७००० मालिकेबरोबर आलं. २०२४च्या ऑगस्टमध्ये ९००० मालिका त्याच बोर्डांवर आली. सुरुवातीला एएमडीने २०२५पर्यंत आधाराचा शब्द दिला होता, तो २०२४ साली ‘२०२७ आणि त्यापुढे’ असा वाढवला. इंटेलची रीत वेगळी आहे. एलजीए १२०० वर दोन पिढ्या आल्या. २०२१चं एलजीए १७०० बाराव्या, तेराव्या आणि चौदाव्या पिढीपर्यंत पोहोचलं, पण चौदावी ही बरीचशी तेरावीच होती. २०२४च्या ऑक्टोबरात इंटेल एलजीए १८५१ वर गेलं. ही रीत पाहता इंटेलच्या बोर्डवर ‘पुढच्या पिढीसाठी’ म्हणून मी जादा पैसे घालणार नाही. इंटेल घ्यायचं तर आज ते जेवढं देतं तेवढ्यासाठी घ्यावं.

पायरी ३: ‘नंतरचा मोठा प्रोसेसर’ आत्ताच नावानिशी ठरवा

‘पुढे काहीतरी मोठं टाकू’ ही योजना नव्हे. ज्या बोर्डचा विचार चालला आहे, त्याच्या यादीतला आज अस्तित्वात असलेला सगळ्यात उपयोगी प्रोसेसर कोणता, ते कागदावर लिहा. अजून न आलेल्या प्रोसेसरवर गणित उभं करू नका. तो आला तर बोनस समजा.

हे लिहिताना एक प्रश्न स्वतःला विचारायचा: आज घेत असलेल्या प्रोसेसरपेक्षा तो खरंच मोठी उडी आहे का? रायझन ५ २६०० वरून ५७००एक्स३डी ही उडी होती. सहाचे आठ कोअर झाले, दोन पिढ्या पुढच्या रचनेचे कोअर मिळाले आणि एल३ कॅशे, म्हणजे प्रोसेसरच्या आतली जलद मेमरी, १६ एमबीवरून ९६ एमबी झाला. या मोठ्या कॅशेमुळे गेमला पुन्हापुन्हा रॅमकडे धावावं लागत नाही, म्हणून गेममध्ये फरक लगेच जाणवतो. उलट रायझन ५ ७६०० घेऊन पुढे ९६०० लावणं म्हणजे सहा कोअरचे सहाच कोअर आणि एका पिढीचा फरक. एवढ्यासाठी पीसी उघडायचीही गरज नाही. ७६०० वाल्याने डोळ्यांसमोर ७८००एक्स३डी किंवा ९८००एक्स३डी ठेवावा. काम गेमचं नसून व्हिडिओ एडिटिंगचं असेल, तर बारा-सोळा कोअरचा प्रोसेसर ठेवावा.

दुसरी गोष्ट सेकंडहँड भावाची. सॉकेटचं आयुष्य संपलं की त्यावरचे साधे प्रोसेसर स्वस्त होतात, पण सगळ्यात वरचा लवकर उतरत नाही, कारण त्या बोर्डांच्या मालकांना तोच एक पर्याय उरलेला असतो. चार कोअरचा आय७-७७००के २०१७ साली ३३९ डॉलरला आला होता. २०२० साली तशीच चार कोअर-आठ थ्रेडची ताकद आय३-१०१०० ने १२२ डॉलरला दिली. तरीही वापरलेल्या ७७००के ला लोक बरेच पैसे मागत होते. एएम४ वरही तेच झालं. ५८००एक्स३डी आणि ५७००एक्स३डी नवे मिळणं दुर्मीळ झालं आणि वापरलेल्यांना विक्रेते ताठ भाव सांगू लागले. म्हणून अपग्रेड करायचंच असेल, तर सॉकेटच्या शेवटच्या प्रोसेसरांवर सूट चालू असते तो काळ गाठायचा. दुकानातला माल संपल्यावर जाग येऊन उपयोग नाही.

पायरी ४: हिशोब मांडा

आता खरा प्रश्न. लांब आयुष्याच्या प्लॅटफॉर्मसाठी आज जादा पैसे मोजायचे का? खालचे आकडे फक्त पद्धत समजावी म्हणून धरले आहेत. तुमच्याकडचे ताजे भाव घालून गणित पुन्हा करा. रॅमचे भाव तर २०२५च्या अखेरीस झपाट्याने चढले, त्यामुळे जुन्या व्हिडिओतल्या किमतींवर विसंबू नका.

समजा, पहिला मार्ग एएम४: रायझन ५ ५६०० ला १०,०००, बोर्डला ७,०००, डीडीआर४ रॅमला ५,०००. एकूण २२,०००. दुसरा मार्ग एएम५: रायझन ५ ७६०० किंवा ७५००एफ ला १४,०००, बोर्डला ११,०००, डीडीआर५ रॅमला ७,०००. एकूण ३२,०००. म्हणजे आज १०,००० जादा.

तीन वर्षांनी दोघांनाही २०,००० चा प्रोसेसर हवा आहे. पहिल्याला त्यासोबत नवा बोर्ड आणि रॅम घ्यावी लागेल, म्हणजे ३८,०००. जुना संच ९,००० ला विकला तर खिशातून २९,००० जातील. दुसऱ्याला फक्त प्रोसेसर घ्यायचा आहे. जुना ६,००० ला विकला, तर खिशातून १४,००० जातील. तेव्हाची बचत १५,००० ची.

आज १०,००० जादा देऊन पुढे १५,००० वाचतात, हे वरवर सरळ फायद्याचं दिसतं. पण ते १५,००० तुम्ही खरोखर अपग्रेड केलं तरच वाचतात. केलं नाही, तर जादा दिलेल्या १०,००० च्या बदल्यात हाती राहतो तो ७६०० चा ५६०० पेक्षा असलेला वेग, एवढंच. म्हणून दहाला पंधराने भागा. उत्तर दोन-तृतीयांश येतं. याचा अर्थ, आपण तीन-चार वर्षांत प्रोसेसर बदलूच याची खात्री तीनात दोन एवढी असेल, तर एएम५ चा सौदा निव्वळ अपग्रेडच्या जोरावर बरोबरीला येतो. खात्री त्याहून जास्त असेल तर नफा, कमी असेल तर तोटा. हा भागाकार मला सगळ्यात प्रामाणिक वाटतो, कारण तो कंपनीच्या आश्वासनापेक्षा तुमच्या सवयीबद्दल विचारतो. आधीचा फोन, लॅपटॉप किंवा पीसी तुम्ही किती वर्षांनी बदलला, तो काळ आठवा. सात-आठ वर्षं एकच मशीन वापरणारे असाल, तर तोवर कोणतंही सॉकेट जुनंच झालेलं असतं.

या हिशोबात ग्राफिक्स कार्डही धरा. एकूण बजेट तंग असेल आणि पीसी मुख्यतः गेमसाठी असेल, तर तेच १०,००० एक पायरी वरच्या ग्राफिक्स कार्डात घातले तर फरक पहिल्याच दिवशी पडद्यावर दिसतो. अशा वेळी ५६०० किंवा आय५-१२४००एफ घेऊन ‘हा बोर्ड शेवटपर्यंत असाच राहील’ असं मानणं हा शहाणपणाचा निर्णय आहे. त्यात काही कमीपणा नाही. माझं मत विचाराल, तर एएम४ चा नवा बोर्ड आज दोघांनीच घ्यावा: ज्याच्याकडे डीडीआर४ रॅम आधीच पडून आहे त्याने, आणि ज्याला पुढे अपग्रेड करायचंच नाही त्याने.

पायरी ५: बोर्डवर काटकसर कुठवर करायची

आजच्या स्वस्त प्रोसेसरला कोणताही बोर्ड चालतो. पण बोर्ड घेताना पायरी ३ मध्ये लिहिलेल्या प्रोसेसरकडे बघायचं. इथेच बहुतेकांचं गणित चुकतं.

प्रोसेसरशेजारी काळ्या चौकोनी कॉइलांची एक रांग असते. पॉवर सप्लायमधून आलेली १२ व्होल्टची वीज प्रोसेसरला लागते तशी सव्वा व्होल्टच्या आसपास आणून देणारा हा भाग. त्याला व्हीआरएम म्हणतात. स्वस्त बोर्डांवर वीज उतरवणारे हे टप्पे कमी असतात आणि त्यांच्या स्विचिंग चिपांवर उष्णता शोषणारा धातूचा ठोकळाही नसतो. ६५ वॉटचा म्हणून विकला जाणारा एएमडी प्रोसेसर प्रत्यक्षात ८८ वॉटपर्यंत वीज ओढू शकतो. १०५ वॉटवाला १४२पर्यंत जातो, १२० वॉटवाला १६२पर्यंत आणि १७० वॉटवाला २३०पर्यंत. उघड्या व्हीआरएमच्या बोर्डवर सोळा कोअरचा प्रोसेसर बसवला, तर तो सुरू होईल, पण लांब रेंडर चालू असताना व्हीआरएम तापेल आणि बोर्ड प्रोसेसरचा वेग खाली ओढेल. ओळखायची खूण अशी: प्रोसेसरचं तापमान ठीक दिसतं, तरी काही मिनिटांनी घड्याळगती एकदम पडते आणि थोड्या वेळाने परत चढते.

मोठ्या कॅशेच्या एक्स३डी प्रोसेसरांच्या बाबतीत मात्र दिलासा आहे. गेम खेळताना ७८००एक्स३डी आपल्या १६२ वॉटच्या मर्यादेच्या बराच खाली राहतो. त्यामुळे फक्त गेमसाठी तो पुढे घालायचा असेल, तर व्हीआरएमवर ठोकळा असलेला एएम५ चा मध्यम बी६५० बोर्ड पुरतो. महागड्या एक्स मालिकेच्या बोर्डचं कारण नाही. त्याहून स्वस्त ए६२० घ्यायचाच असेल, तर त्या मॉडेलच्या यादीत तुमचा भावी प्रोसेसर आहे हे आधी पाहा, कारण काही ए६२० बोर्ड कमी वॉटच्या प्रोसेसरांसाठीच बनवलेले आहेत. इंटेलच्या एच६१० बोर्डांनाही हीच सावधगिरी लागू आहे. आय३-१२१००एफ वर तो खूश असतो, त्यावर आय७ ची स्वप्नं पाहू नयेत.

बोर्ड निवडताना मी आणखी एक गोष्ट आवर्जून बघतो: प्रोसेसरशिवाय बायॉस बदलता येणारं बटण. एसुसच्या बोर्डांवर त्याला `BIOS FlashBack` म्हणतात, एमएसआयवर `Flash BIOS Button` आणि गिगाबाइटवर `Q-Flash Plus`. चार वर्षांनी तुम्ही सेकंडहँड मोठा प्रोसेसर आणाल, जुना आधीच विकून टाकलेला असेल आणि बोर्डची बायॉस जुनी असेल, तेव्हा हे बटण नसेल तर दुसऱ्याचा प्रोसेसर उसना मागत फिरावं लागेल. लॅमिंग्टन रोडवर किंवा तुमच्या गावच्या दुकानात दोन बोर्डांमध्ये पाच-सातशे रुपयांचा फरक असेल आणि एकावर हे बटण असेल, तर मी तोच उचलेन.

पायरी ६: सुरुवातीचा प्रोसेसर आणि रॅम

एएम५ वर सुरुवातीसाठी ७६००, ७५००एफ, ८४००एफ आणि ८५००जी ही नावं समोर येतील. ७६०० मध्ये छोटं अंगभूत ग्राफिक्स आहे, म्हणजे ग्राफिक्स कार्ड बिघडलं किंवा विकलं तरी पीसी चालू राहतो. ७५००एफ मध्ये ते नाही, बाकी तो जवळपास तसाच आहे. ८४००एफ हा मुळात लॅपटॉपच्या चिपमधून आलेला आहे. त्याचा एल३ कॅशे ७६०० च्या निम्मा, म्हणजे १६ एमबी आहे, त्यामुळे गेममध्ये तो मागे पडतो. भावात ठसठशीत फरक असेल तरच तो घ्यावा.

८५००जी बद्दल थोडं जास्त सांगायला हवं, कारण ‘आत्ता कार्डाशिवाय चालवू, नंतर कार्ड घालू’ या बेताने तो खूप जण घेतात. अभ्यास, ऑफिसचं काम, हलके गेम यासाठी त्याचं अंगभूत ग्राफिक्स पुरतं. पण ग्राफिक्स कार्डासाठी तो पीसीआय एक्सप्रेसच्या, म्हणजे डेटा ने-आण करणाऱ्या, फक्त चार लेन देतो, तर ७६०० पूर्ण सोळा देतो. म्हणून आधी कार्ड आणि मग प्रोसेसर असा क्रम लावलात, तर मधल्या काळात कार्ड अडखळत चालेल, आणि कमी मेमरीच्या कार्डांवर ते जास्त जाणवेल. ८५००जी घेतला असेल तर दोन्ही एकदम बदलायची तयारी ठेवा.

प्रोसेसर बॉक्समधलाच घ्या. ट्रे म्हणून सुटे मिळणारे प्रोसेसर स्वस्त असतात, पण त्यांची वॉरंटी बहुधा विक्रेत्यापुरती असते आणि पुढे विकताना बॉक्स-बिल नसलेल्या मालाला भाव कमी येतो. आपला सगळा हिशोब जुना प्रोसेसर विकण्यावर उभा आहे, हे विसरू नका.

रॅमचा एक नियम डीडीआर५ मुळे बदलला आहे. पूर्वी आज दोन पट्ट्या आणि पुढे आणखी दोन, असं बिनधास्त करता यायचं. ७००० मालिकेत दोन पट्ट्यांना एएमडीचा अधिकृत वेग ५२०० आहे, चार लावल्या की तो ३६०० वर येतो. काहींच्या चार पट्ट्या जास्त वेगाने चालतात, पण तो नशिबाचा भाग आहे. म्हणून पुढे ३२ जीबी लागणार हे आजच दिसत असेल, तर १६ च्या दोन पट्ट्यांचा जोड घ्या. पैसे कमी पडत असतील, तर १६ ची एकच पट्टी घेऊन चालवा आणि लवकरात लवकर तिचीच जोडीदार, म्हणजे त्याच कंपनीचं तेच मॉडेल, आणून लावा. ८ च्या दोन घेतल्या तर पुढे दोन्ही विकाव्या लागतात.

पायरी ७: अपग्रेडचा दिवस

नवा प्रोसेसर हातात आला, तरी जुना काढण्याआधी करायची कामं आहेत. बायॉस आधी बदला, जुना प्रोसेसर बसलेला असतानाच. मात्र त्या बायॉसच्या पानावरच्या सूचना वाचा. आधी एखादी मधली आवृत्ती टाकणं सक्तीचं असू शकतं, किंवा एकदा वर गेलं की मागे येता येणार नाही असं लिहिलेलं असू शकतं. पेन ड्राइव्ह FAT32 मध्ये फॉरमॅट करा. बटणाने बायॉस टाकणार असाल तर फाइलचं नाव बोर्डला हवं तेच द्यावं लागतं, जसं एमएसआयवर `MSI.ROM` किंवा गिगाबाइटवर `GIGABYTE.bin`. नाव चुकलं तर दिवा दोन-चारदा लुकलुकून थांबतो आणि काहीच होत नाही. बायॉस लिहिली जात असताना वीज जायला नको, म्हणून यूपीएस असेल तर तो लावा. लोडशेडिंगची वेळ सरळ टाळा.

पण बायॉसला हात लावण्याच्याही आधी विंडोजमध्ये बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन चालू आहे का ते पाहा. असेल तर त्याची रिकव्हरी की दुसरीकडे जपून ठेवा आणि एन्क्रिप्शन तात्पुरतं थांबवा. कारण प्रोसेसर बदलल्यावर एएमडी बोर्ड काळ्या पडद्यावर `New CPU installed` ने सुरू होणारा इंग्रजी मजकूर दाखवतात आणि `fTPM`, म्हणजे एन्क्रिप्शनच्या किल्ल्या जपणारी प्रोसेसरमधली सोय, नव्याने मांडायची का असं `Y` किंवा `N` मध्ये विचारतात. की हाताशी नसताना `Y` दाबलं, तर ड्राइव्ह कुलूपबंद होते. की जवळ असेल तर `Y` दाबायला हरकत नाही.

एएम४ वाल्यांनी कूलर काढताना घाई करू नये. या सॉकेटमध्ये पिना प्रोसेसरला असतात, आणि सॉकेटचा दांडा लावलेला असूनही कूलरखालच्या सुकलेल्या पेस्टमुळे प्रोसेसर कूलरला चिकटून सॉकेटमधून उपटून बाहेर येतो. मग पिना वाकतात. त्यासाठी पंधरा-वीस मिनिटं एखादा जड गेम चालवून पेस्ट गरम करा, पीसी बंद करून वायर काढा, स्क्रू किंवा क्लिप सोडवा, आणि कूलर वर न ओढता आधी डावी-उजवीकडे हलके फिरवा. सैल झाला की मग उचला. एएम५ आणि इंटेलमध्ये पिना बोर्डवर असतात, तिथे धोका उलटा: प्रोसेसर ठेवताना तिरका पडला तर बोर्ड जातो. नव्या बोर्डवरचं सॉकेट झाकणारं प्लास्टिकचं टोपण जपून ठेवा, वॉरंटीत बोर्ड परत देताना ते मागतात.

कूलरही आधी तपासा. ७६०० च्या बॉक्समध्ये छोटा कूलर मिळतो, तो ६५ वॉटवाल्यासाठी आहे. ७८००एक्स३डी किंवा ५७००एक्स३डी च्या बॉक्समध्ये कूलर नसतोच. त्याचे पैसे पायरी ४ च्या हिशोबात धरलेले नसतील तर धरा.

सगळं जोडून बटण दाबल्यावर एएम५ वर काही मिनिटं पडदा काळाच राहतो. पंखे फिरतात, बोर्डवरचा `DRAM` चा दिवा पेटलेला राहतो, आणि नवख्याला वाटतं की काहीतरी जळलं. प्रत्यक्षात बोर्ड नव्या प्रोसेसरबरोबर रॅमची जुळणी करत असतो, ज्याला मेमरी ट्रेनिंग म्हणतात. रॅम जास्त असेल तर वेळ जास्त लागतो. निदान दहा-पंधरा मिनिटं हात लावू नका. मध्येच बटण दाबून बंद केलंत तर जुळणी पहिल्यापासून सुरू होते. त्यानंतरही पडदा आला नाही, तर एकच पट्टी ठेवून, बोर्डच्या पुस्तिकेत सांगितलेल्या स्लॉटमध्ये लावून पुन्हा सुरू करा.

पडदा आला की बायॉसमध्ये जाऊन रॅमला तिच्या पूर्ण वेगाने चालवणारं एक्सपो किंवा एक्सएमपी प्रोफाइल पुन्हा चालू करा, कारण बायॉस बदलली की ते बंद होतं. हे राहिलं तर नवा प्रोसेसर विनाकारण मंद वाटतो. मग तासभर नेहमीचे गेम किंवा रेंडर चालवून तापमान आणि घड्याळगती बघा, आणि सगळं ठीक दिसल्यावरच जुना प्रोसेसर त्याच्या बॉक्समध्ये, बिलासकट, विकायला काढा.